फरकाला पट्टा द्या, मग अर्थ लावा

पुनर्प्रयोग संपला की विभागात भेटेल तो एकच विचारतो, "काय, आला का तोच निकाल?" चहा पिताना हो किंवा नाही म्हणून मोकळं व्हायला हरकत नाही. अहवालात मात्र हे उत्तर चालत नाही. तिथे तीन आकडे लागतात. मूळ अभ्यासात परिणाम केवढा होता, तुझ्या अभ्यासात केवढा आला, आणि या दोहोंतला फरक केवढा व किती खात्रीचा. पहिले दोन सगळेच लिहितात. तिसरा बहुतेकांचा राहतो, आणि वाद नेमका त्या तिसऱ्यावरच होतो.

माझ्या गाइडनी मला जे सांगितलं, त्यात माझी थोडी भर घालून तुला देतोय. कोरडे नियम लक्षात राहत नाहीत, म्हणून एकच प्रकरण धरून चालू.

१९९० साली जोनाथन स्कूलर आणि टोन्या एंगस्टलर-स्कूलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बँकेवरच्या दरोड्याचा एक बनवलेला व्हिडिओ दाखवला. नंतर एका गटाला दरोडेखोराच्या चेहऱ्याचं वर्णन लिहायला सांगितलं आणि दुसऱ्याला अमेरिकेतली राज्यं व त्यांच्या राजधान्या. शेवटी फोटोंची ओळखपरेड. वर्णन लिहिणाऱ्यांची ओळख अधिक पक्की व्हावी असं कुणालाही वाटेल, पण झालं उलटं. त्यांच्यात दरोडेखोराला बरोबर ओळखणारे २५ टक्क्यांनी कमी निघाले. हा परिणाम ‘व्हर्बल ओव्हरशॅडोइंग’ या नावाने पाठ्यपुस्तकांत गेला. पुढच्या काही अभ्यासांत तो बराच लहान दिसू लागला, तेव्हा अनेक प्रयोगशाळांनी मिळून, पद्धत आधी जाहीर करून, तोच प्रयोग दोन फेऱ्यांत पुन्हा केला. अहवाल २०१४ मध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये आला. पहिल्या फेरीत ३१ प्रयोगशाळा होत्या, दुसरीत २२.

पहिल्या फेरीत घट आली ४.०१ टक्के, ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.८७ ते ७.१५. दुसऱ्या फेरीत घट आली १६.३१ टक्के, इंटरव्हल १२.१४ ते २०.४७. यापुढे मी इंटरव्हलला नुसता पट्टा म्हणेन. आता सांग, मूळ २५च्या शेजारी हे दोन निकाल ठेवून काय लिहायचं?

आधी दोन्ही आकडे एकाच मापात आणा

हे सोपं वाटतं, आणि म्हणूनच इथे घोटाळा होतो. "२५ टक्क्यांनी कमी" याचे दोन अर्थ निघतात. शंभरातले ६० जण ओळखायचे ते ३५ झाले, तर घट २५ पॉइंटांची. ६० चे ४५ झाले, तरी ती ६०च्या मानाने २५ टक्क्यांचीच घट, पण पॉइंट मात्र १५. मूळ लेखात एक माप आणि तुझ्या तक्त्यात दुसरं असेल, तर पुढचं सगळं गणित वाया. या प्रकरणातल्या सगळ्या घटी पॉइंटांत आहेत, आणि अहवालात तसं एकदा स्पष्ट लिहावं.

दुसरी गोष्ट चिन्हाची. मूळ लेखात घट उणे चिन्हाने लिहिलेली असते, तू ‘घट’ म्हणून अधिक चिन्हाने लिहितोयस, आणि आलेखात पुन्हा तिसरंच काही. एक दिशा ठरव आणि शेवटपर्यंत तीच ठेव. मी इथे घट अधिक चिन्हाने घेतो.

तिसरी गोष्ट, मूळ लेखात अनेक प्रयोग असतात. तू त्यातला नेमका कोणता पुन्हा केलास? या लेखातही एकाहून अधिक प्रयोग होते, आणि सगळ्यांत कामांचा क्रम एकसारखा नव्हता. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, तेव्हा लक्षात ठेव.

मूळ लेखात पट्टा नसेल तर तो काढायची जबाबदारी तुझी

जुन्या लेखांत सरासऱ्या असतात, टक्केवाऱ्या असतात, पी-व्हॅल्यू असते. पट्टा क्वचितच असतो. मग पुनर्प्रयोग करणारा मूळचा २५ हा आकडा दगडावर कोरल्यासारखा घेतो आणि स्वतःच्या निकालाला तेवढा पट्टा लावतो. इथेच तुलना वाकडी होते. मूळचा २५ हाही एका नमुन्यातून आलेला अंदाजच आहे, आणि त्यालाही आपली डुगडुग आहे.

दोन टक्केवाऱ्यांच्या फरकाची स्टँडर्ड एरर काढायला एवढंच लागतं:

```
SE = sqrt( p1*(1-p1)/n1 + p2*(1-p2)/n2 )
```

समजा एका गटात बरोबर ओळखणारे साठीच्या थोडे वर आणि दुसऱ्यात चाळीसच्या आसपास. टक्केवाऱ्या मधल्या भागात असल्या की `p*(1-p)` जवळजवळ ०.२३-०.२४ येतो. हिशेब दाखवायला मी दर गटात ४४ जण धरतो. तुझ्या अहवालात मात्र मूळ लेखातली संख्याच घे, आणि काही धरून चालावं लागलं तर ते तिथल्या तिथे सांग. या संख्यांवर स्टँडर्ड एरर येते साधारण १०.३ पॉइंट. तिला १.९६ ने गुणलं की २० पॉइंट. म्हणजे मूळ निकाल २५ खरा, पण त्याचा पट्टा सुमारे ५ ते ४५.

हा पट्टा एकदा डोळ्यांसमोर ठेवला की अर्धा वाद तिथेच मिटतो. मूळ अभ्यासाने "घट २५ आहे" असं कधी सिद्ध केलंच नव्हतं. "घट असावी, आणि ती ५ ते ४५ यांत कुठेतरी असावी" एवढंच त्याच्या माहितीतून निघत होतं.

फरकाचा स्वतःचा पट्टा काढा. दोन पट्टे एकमेकांवर येतात का, एवढं पाहून भागत नाही

बहुतेक जण दोन पट्टे वरखाली काढतात आणि ते एकमेकांवर आले की "निकाल जुळले" म्हणतात. ही सवय सोड. पट्टे थोडे एकमेकांवर आले तरी फरक खरा असू शकतो. करायचं ते असं:

```
D      = E_original - E_replication
SE_D   = sqrt( SE_o^2 + SE_r^2 )
95% CI = D ± 1.96 * SE_D
```

पुनर्प्रयोगाची स्टँडर्ड एरर पट्ट्यावरूनच निघते, पट्ट्याची रुंदी भागिले ३.९२. पहिल्या फेरीची रुंदी ६.२८, म्हणून एरर १.६. दुसरीची ८.३३, म्हणून २.१.

आता दुसरी फेरी मूळ निकालाशी लावून बघ. फरक २५ वजा १६.३१, म्हणजे ८.७ पॉइंट. त्याचा पट्टा सुमारे उणे १२ ते अधिक २९. म्हणजे पुनर्प्रयोगातला परिणाम मूळच्यापेक्षा बराच लहान असू शकतो, तितकाच असू शकतो, थोडा मोठाही असू शकतो. "परिणाम तिसऱ्या हिश्श्याने घटला" असं वाक्य लिहायचा मोह होतो, आणि आकड्यांच्या भागाकारातून ते निघतंही. पण पट्टा त्याला पाठिंबा देत नाही.

पहिल्या फेरीचं बघ. फरक २१ पॉइंट, पट्टा ०.५ ते ४१.५. इथे मूळ पट्टा ५ ते ४५ आणि फेरीचा ०.८७ ते ७.१५, म्हणजे दोन्ही ५ ते ७ या भागात एकमेकांवर येतात. नुसतं एवढं पाहणारा "जुळले" म्हणून पुढे जाईल, आणि फरकाचा पट्टा मात्र शून्याला शिवत नाही. तरीही या ०.५ वर फार जोर देऊ नकोस. मी गटात ४४ ऐवजी ४० जण धरले असते तर तोच पट्टा शून्य ओलांडून पलीकडे गेला असता. निष्कर्ष गृहीतकाच्या एवढ्याशा हालचालीने उलटत असेल, तर तो काठावरचा आहे असंच लिहावं.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. तीस प्रयोगशाळा जमवून तू स्वतःची एरर १.६ वर आणलीस तरी फरकाची एरर १०.४ च राहिली. एक वजन वखारीच्या काट्यावर केलं आणि दुसरं सोनाराच्या, तर दोन्हींतला फरक वखारीच्या काट्याइतकाच ढोबळ राहणार. म्हणून "आमचा नमुना मोठा होता, त्यामुळे मूळ निकालाशी असलेला फरक आम्ही नेमका मोजला" हे वाक्य खरं नसतं. मोठ्या नमुन्याने तुझा परिणाम नेमका कळतो. फरकाची अचूकता मूळ अभ्यासाच्या हातात असते, आणि तो आता कुणी बदलू शकत नाही.

‘सिग्निफिकंट आला, दिशा तीच’ म्हणजे पुनर्प्रयोग साधला असं नाही

पहिल्या फेरीचा पट्टा ०.८७ पासून सुरू होतो, म्हणजे शून्य बाहेर. दिशाही तीच. हो-नाहीच्या मापाने ही फेरी यशस्वी आणि दुसरीही यशस्वी. पण एकीत घट ४ ची आणि दुसरीत १६ ची, म्हणजे चौपट. दोन्हींवर एकच शिक्का मारला तर या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट त्या शिक्क्याखाली झाकली जाते.

तेव्हा या दोन फेऱ्या एकमेकींशी लावून बघ. फरक १२.३ पॉइंट, एरर सुमारे २.७, पट्टा ७ ते १७.५. इथे दोन्ही काटे सोनाराचे, म्हणून फरकही नेमका मिळतो. दोन्ही फेऱ्यांत काही प्रयोगशाळा त्याच असतील तर दोन निकाल पूर्ण सुटे धरता येत नाहीत, आणि हा हिशेब थोडा हलेल. पण पट्टा शून्यापासून इतका लांब आहे की तेवढ्याने निष्कर्ष बदलत नाही. मूळ निकालाशी तुलना करून जे ठामपणे म्हणता येत नव्हतं, ते दोन पुनर्प्रयोगांच्या तुलनेतून म्हणता येतं.

उलट बाजूचीही चूक होते. पट्ट्यात शून्य आलं की "पुनर्प्रयोग फसला" असं लिहितात. लहान नमुन्याच्या पुनर्प्रयोगात पट्टा शून्याला आणि मूळ आकड्याला दोघांनाही कवेत घेऊन बसलेला असतो. अशा वेळी दोन्हींपैकी काहीच ठरत नाही, आणि तेच लिहायचं असतं.

फरकाचं कारण शोधण्याआधी निवडीचा वाटा वजा करा

मूळ परिणाम मोठा आणि पुनर्प्रयोगातला लहान दिसला की लगेच कारणं सुचू लागतात. विद्यार्थी वेगळे, काळ वेगळा, व्हिडिओ जुना वाटला. थांब. आधी विचार, काहीच बदललेलं नसताना एवढा फरक पडेल का?

समजा खरी घट सगळीकडे दुसऱ्या फेरीइतकीच आहे, १६.३. आता दर गटात ४४ जण घेऊन कुणी प्रयोग केला. एरर १०.३ असल्याने त्याचा निकाल सिग्निफिकंट ठरायला दिसणारी घट निदान २० पॉइंटांची हवी. म्हणजे खरा आकडा हाती आला तरी तो उंबरठ्याच्या खालीच राहील. असे अनेक प्रयोग केले तर साधारण तीनातला एकच उंबरठा ओलांडेल, आणि ओलांडणाऱ्यांची सरासरी घट येते सुमारे २७. जुन्या काळात छापून यायचे ते बहुतेक उंबरठा ओलांडलेले निकाल. म्हणजे खरी घट १६ असतानाही छापील लेखात २५ दिसणं हे अगदी अपेक्षेप्रमाणे आहे.

यात मूळ संशोधकांवर ठपका नाही. त्यांनी सगळं नीट केलं असलं तरी लहान नमुना आणि सिग्निफिकंट निकालच पुढे जाण्याची रीत या दोन गोष्टी मिळून आकडा फुगवतात. तुझ्यासाठी धडा असा की मूळ आणि दुसऱ्या फेरीतल्या ८.७ पॉइंटांसाठी संस्कृती, पिढी, व्हिडिओ यांपैकी कुणालाच कामाला लावायची गरज नाही. अहवालात "या फरकाला वेगळं कारण मानण्यास आधार दिसत नाही" हे एक वाक्य पुरे.

पुनर्प्रयोगाला किती माणसं लागतील हे ठरवतानाही हेच लक्षात ठेव. मूळचा २५ खरा धरून नमुना ठरवला तर तो लहान पडेल, आणि मग पट्टा असा रुंद येईल की त्यातून काहीच सांगता येणार नाही.

कारण सांगायचं तर बदललेली गोष्ट बोटाने दाखवता आली पाहिजे

आता पहिल्या फेरीकडे ये. ४ आणि १६ मधला फरक निवडीतून येऊ शकत नाही, कारण दोन्ही फेऱ्यांची पद्धत आधी जाहीर झाली होती आणि निकाल कसाही आला तरी छापला जाणार होता. इथे खरं कारण लागतं, आणि ते आहे.

दोन्ही फेऱ्यांत व्हिडिओ तोच, कामं तीच. बदलला तो फक्त क्रम. पहिल्या फेरीत व्हिडिओ संपताच वर्णन लिहायचं होतं, मग वेळ घालवायचं एक दुसरं काम, मग ओळखपरेड. दुसऱ्या फेरीत ते दुसरं काम आधी आलं, २० मिनिटांनी वर्णन, आणि लगेच ओळखपरेड. ज्या मूळ प्रयोगातून २५ हा गाजलेला आकडा आला, त्याचा क्रम दुसऱ्या फेरीचा होता.

फरक बघितल्यावर कारण शोधायला निघालं तर कारण नेहमीच सापडतं, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येत नाही. इथे मात्र क्रम बदलून पुन्हा प्रयोग केला गेला, तेव्हा परिणाम मोठा झाला, आणि त्या बदलाला पट्टाही मिळाला: ७ ते १७.५. तुझ्याकडे अशी दुसरी फेरी नसेल तर कारणाला "शक्यता" म्हण, चर्चेच्या भागात ठेव, आणि ते तपासायला काय बदलून बघावं लागेल तेही लिही. निष्कर्षात त्याला जागा देऊ नकोस.

वेळेमुळे परिणाम बदलतो हे कळलं, पण का बदलतो हे अजून कळलेलं नाही. क्रम बदलला की एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात: व्हिडिओ आणि वर्णन यांच्यातलं अंतर वाढतं, आणि वर्णन व ओळखपरेड यांच्यातलं घटतं. यांतल्या कुणामुळे परिणाम वाढला हे या दोन फेऱ्यांवरून वेगळं काढता येत नाही. फरक नेमका मोजला म्हणून त्याची यंत्रणाही समजली असा सूर अहवालात येऊ देऊ नकोस.

जे मोजलं त्याच्या पुढे जाऊ नका

या प्रयोगांतल्या ओळखपरेडीत दरोडेखोर हजर होता. म्हणजे मोजलं गेलं ते एवढंच, की हजर असलेल्या दरोडेखोराला किती जणांनी बरोबर ओळखलं. वर्णन लिहिणाऱ्यांची आठवण खरंच धूसर झाली, की ते जास्त सावध होऊन "यात तो नाही" असं म्हणू लागले, हे यातून ठरत नाही. क्लेअर आणि लेवांडोव्स्की यांनी २००४ मध्ये ही सावधपणाची बाजू दाखवली होती. दरोडेखोर नसलेली ओळखपरेडही घेतली, तरच दोन्ही वेगळे काढता येतात. सावधपणा असेल तर निरपराध माणसाला चुकून बोट दाखवणारेही कमी होतील, आणि मग "साक्षीदाराकडून वर्णन घेऊच नका" हा पोलिसांना दिलेला सल्ला अंगाशी येईल. पट्टा कितीही अरुंद असला तरी तो मोजलेल्या गोष्टीपुरताच असतो.

निकालाचा परिच्छेद असा लिहा

या प्रकरणावर मी लिहिला असता तो साधारण असा:

"मूळ प्रयोगात बरोबर ओळखीत २५ पॉइंटांची घट होती (आम्ही काढलेला ९५ टक्क्यांचा पट्टा सुमारे ५ ते ४५). त्याच क्रमाने केलेल्या पुनर्प्रयोगात घट १६.३ पॉइंट आली (१२.१ ते २०.५). दोहोंतला फरक ८.७ (उणे १२ ते २९). हा फरक मूळ अभ्यासाच्या लहान नमुन्याशी सुसंगत आहे. त्याला वेगळं कारण मानण्यास आधार नाही, आणि तो शून्यच आहे असंही म्हणता येत नाही. वर्णन व्हिडिओनंतर लगेच लिहिल्यास घट ४ पॉइंट आली (०.९ ते ७.२). दोन फेऱ्यांतला फरक १२.३ (सुमारे ७ ते १७.५) असल्याने वेळेचा परिणामावर मोठा प्रभाव दिसतो. या प्रयोगांतून स्मृती क्षीण झाली की उत्तर देण्यातला सावधपणा वाढला, हे ठरत नाही."

यात ‘यशस्वी’ नाही, ‘फसला’ नाही, आणि तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. परीक्षकांपैकी कुणीतरी तरीही विचारेलच, "म्हणजे मूळ निकाल खरा की खोटा?" त्याला सांग, परिणाम आहे, मूळ लेखात दिसला त्यापेक्षा तो बहुधा लहान आहे, आणि वर्णन केव्हा लिहायला लावलं यावर तो बराच अवलंबून आहे. एवढ्याने समाधान झालं नाही, तर फरकाचा पट्टा त्याच्यासमोर ठेव आणि यातला कोणता आकडा पटत नाही ते विचार.